अ‍ॅप अपडेट झालं, पण बदललं काय?

भातकुलीत तूर उभी आहे आणि ई-पीक पाहणीचं अ‍ॅप अपडेट मागतंय. 2022च्या आवृत्तीत नोंद 48 तासांत दुरुस्त करायची सोय आली. बदलांच्या यादीत ती कुठे लिहायची?

प्रत्येक बदलाबद्दल विचारायचं: हे आधी जमत होतं का? सोयच नव्हती, तर ‘नवीन सुविधा’. 48 तासांची सोय इथेच बसते. सोय होती पण अडत होती, तर ‘दुरुस्ती’. अजूनही अडतेय, तर ‘माहीत असलेल्या अडचणी’, सोबत तात्पुरता उपाय.

समजा, प्रोग्रामरने लिहिलं, ‘फोटो अपलोड सुधारला, जुन्या फोनवर बाकी.’ नेमकं काय सुधारलं ते त्याला विचारून याच्या दोन ओळी करायच्या. दुरुस्तीत: ‘रेंज गेली तरी फोटो पुसला जात नाही.’ अडचणींत: ‘जुन्या फोनवर रेंज गेली की फोटो अजून पुसला जातो, तो अपलोड होईपर्यंत अ‍ॅप बंद करू नका.’