शोधनिबंधातून दोन पानांचं धोरण-टिपण

डिसेंबर १९९९ मध्ये डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गडचिरोलीतल्या ३९ गावांमध्ये गावातल्याच महिलांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली गेली आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावं निवडली होती. समजा, हा निबंध आरोग्य सचिवांपुढे ठेवायचा आहे आणि त्यांच्याकडे वेळ दहाच मिनिटांचा आहे. अशा वेळी लागतं ते दोन पानांचं धोरण-टिपण, म्हणजेच पॉलिसी ब्रीफ.

हे टिपण म्हणजे निबंधाचा सारांश नव्हे. निबंध आधी पद्धत सांगतो आणि निष्कर्षाकडे शेवटी येतो. टिपणाची सुरुवातच निष्कर्षापासून होते, कारण वाचणाऱ्याला निर्णय घ्यायचा असतो. म्हणून मथळा हे पूर्ण वाक्य असावं. ‘ग्रामीण भागातील नवजात बालकांचे आरोग्य’ यातून विषय कळतो, म्हणणं कळत नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘गावातल्या प्रशिक्षित महिलेने घरी जाऊन काळजी घेतल्यास नवजात मृत्यू निम्म्याहून कमी होऊ शकतात’. यात कोणी, काय आणि किती हे तिन्ही आलं. ‘होतात’ न लिहिता ‘होऊ शकतात’ लिहिलं आहे, कारण प्रयोग एकाच जिल्ह्यातला आहे.

त्याखाली तीनच मुद्दे यावेत. पहिला परिणामाचा: प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू सुमारे ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले, तुलनेच्या गावांत ते ५८ च्या आसपास होते आणि ६० च्या आसपासच राहिले. इथे एक सापळा आहे. तुलनेच्या गावांचा हिशेब धरून निव्वळ घटही ६२ टक्केच निघते. एक ६२ हजारी दर आहे, दुसरं टक्केवारी. घाईत दोन्हींची सरमिसळ झाली की टिपणावरचा विश्वास उडतो. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत ‘कशामागे’ हे लिहायलाच हवं.

दुसरा मुद्दा खर्चाचा: एका बाळामागे ५.३ डॉलर, आणि साधारण १८ बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळतो. मात्र या टळलेल्या मृत्यूंत पोटातच दगावणारी बाळंही मोजलेली आहेत. तेवढे शब्द गाळले की वाक्य चुकीचं होतं. शिवाय खर्च १९९७-९८ चा आहे. आजच्या दराने तो नव्याने मांडावा लागेल. तिसरा मुद्दा कारणाचा: जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती, आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आलं.

दुसरं पान पर्यायांचं. ‘शासनाने लक्ष द्यावे’ हा पर्याय नाही. कोणी काय करायचं हे त्यात असावं लागतं. पहिला पर्याय, आहे तीच व्यवस्था चालू ठेवणं. त्याचा पुरावा निबंधातच आहे: तुलनेच्या गावांतला दर हललाच नाही. दुसरा, आरोग्यदूतांनी घरभेटी द्यायच्या, धोक्याची लक्षणं ओळखायची आणि आजारी बाळाला दवाखान्यात पाठवायचं. तिसरा, गडचिरोलीप्रमाणे पूर्ण संच: घरभेटी, जन्मतः गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं आणि जंतुसंसर्गावर प्रतिजैविकाचं इंजेक्शन. यातला आकड्यांनी तपासलेला पर्याय फक्त तिसरा आहे. संचातल्या कोणत्या भागामुळे किती मृत्यू टळले, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. म्हणून दुसऱ्या पर्यायापुढे ‘निम्म्याहून कमी’ असं लिहिता येणार नाही. तो स्वस्त आणि राबवायला सोपा असेल, पण त्याचा परिणाम या निबंधाने मोजलेला नाही, हे त्याच ओळीत सांगायला हवं.

पानाच्या शेवटी मर्यादाही याव्यात. गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि महिलांच्या कामावर प्रशिक्षित संस्थेची बारीक देखरेख होती. ती देखरेख सरकारी यंत्रणेत कोण करणार आणि तिचा खर्च कोणत्या शीर्षाखाली येणार, हे लिहिलं नाही तर तिसरा पर्याय कागदावरच राहतो.

२०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत घरभेटींचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी ठरल्या, घरी जन्मलेल्यासाठी सात. इंजेक्शन देणं मात्र आशांच्या ठरलेल्या कामांत आलं नाही. म्हणजे हा कार्यक्रम आपल्या दुसऱ्या पर्यायाच्या जवळ जाणारा होता. त्यामुळे गडचिरोलीचा आकडा उचलून या कार्यक्रमापुढे ठेवता येत नाही. त्याचा परिणाम वेगळा मोजावा लागतो. कोणत्या पर्यायाला किती पुराव्याचा आधार आहे, हे टिपणात स्पष्ट असेल, तर ही गल्लत निर्णयाच्या टेबलावरच टळते.