चित्रातील सायकल

मुंबईच्या उपनगरांत जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री पूर्वी ओळखीपाळखीने चालत असे. अंधेरीच्या चाळीतील एखादे कपाट घाटकोपरला जाई, ते कोणा नातेवाइकाच्या शब्दावर. आता हा व्यवहार पुष्कळसा संगणकाच्या जाळ्यावरील बाजारात होतो. तेथे वस्तू हाती घेऊन पाहता येत नाही. दिसते ते केवळ तिचे छायाचित्र. आणि ते छायाचित्र विकणाऱ्याचेच असेल, असा भरवसा नसतो. दुसऱ्याच्या जाहिरातीतील चित्र उचलून आपल्या नावावर लावणे हे काही क्षणांचे काम आहे.

समजा, बोरिवलीच्या एका मुलासाठी घरची माणसे सायकल शोधीत आहेत. घाटकोपरची म्हणून एक जाहिरात दिसते. निळी सायकल, किंमत अवघी ३,५०० रुपये, सोबत दोन छायाचित्रे. किंमत पाहून मन हरखते. पण आधी चित्रे नीट न्याहाळावीत हे बरे.

पहिल्या चित्रात सायकलीखाली लाल फरशी आहे, दुसऱ्यात सिमेंटचे अंगण. यात वावगे काही नाही, सायकल हलवता येते. परंतु एका चित्रात मागच्या मडगार्डवर लांब ओरखडा आहे आणि दुसऱ्यात त्याच जागी तो नाही. म्हणजे या दोन निरनिराळ्या सायकली असाव्यात, असा संशय येतो. शिवाय चित्रे पुसट आहेत. चित्र वारंवार उतरवून पुन्हा चढविले, की प्रत्येक खेपेस त्यातील बारकावा थोडाथोडा गळत जातो. अर्थात साधा फोन किंवा अपुरा उजेड यांमुळेही चित्र पुसट येते. एवढ्यावरून कोणास लबाड म्हणू नये.

खरी गंमत पुढे आहे. सायकलीची साखळी नेहमी स्वाराच्या उजव्या बाजूस असते. नित्याच्या वापरातील जवळजवळ सर्व सायकली अशाच बनविलेल्या असतात. या चित्रात मात्र हँडलावरून दिशा ठरवून पाहिले, तर साखळी डाव्या बाजूस आहे! अशी सायकल कारखान्यातून आलेली नसून चित्र आरशातल्याप्रमाणे उलटविलेले आहे.

ते कोणी का उलटवावे? याचे उत्तर चित्र-शोधाच्या रीतीत आहे. शब्द न देता चित्रच देऊन तसे दुसरे चित्र शोधण्याची सोय 'टिनआय' या स्थळाने २००८ साली आणि गुगलने २०११ साली लोकांना उपलब्ध करून दिली. असा शोध घेणारे यंत्र चित्रातील वस्तूचे नाव विचारीत नाही. उजेड कोठे, अंधार कोठे, कडा कशा वळतात, यांची ते आकड्यांत एक खूण तयार करते आणि साठवलेल्या असंख्य खुणांशी ती ताडून पाहते. चित्र उलटविले, की डावे उजवे होते, खूण बदलते, आणि पुष्कळदा मूळ चित्र सापडत नाही. चोराला नेमके तेच हवे असते. बिचाऱ्याला साखळीची आठवण राहत नाही.

आता घरच्यांनी फोनवरच ते चित्र पुन्हा उलटवून सुलटे केले आणि शोध घेतला. तीच फरशी, तोच ओरखडा असलेले चित्र पुण्यातील एका जाहिरातीत मिळाले. तारीख तीन महिन्यांपूर्वीची, किंमत ६,००० रुपये. तरीही घाईने निर्णय देता येत नाही. एकच माणूस दोन ठिकाणी जाहिरात देऊ शकतो, पुण्याहून घाटकोपरला राहावयासही येऊ शकतो. उलट, शोधात काहीच न सापडले म्हणजे चित्र अस्सल, असेही नव्हे. ज्या जाहिराती खाते उघडल्यावाचून दिसत नाहीत, त्या शोधणाऱ्या यंत्रालाही बहुधा दिसत नाहीत.

म्हणून मागावे एक नवे चित्र, आणि तेही कोठेही तयार सापडणार नाही असे. सायकलीच्या बैठकीवर आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून एक. आणि पायट्यांचा आस ज्या नळीत फिरतो, तिच्या तळाशी बहुधा कोरलेला असतो त्या चौकटीच्या क्रमांकाचे दुसरे. ज्याच्या दारात सायकल उभी आहे, त्याला याला पाच मिनिटे पुरतात. या विक्रेत्याचे उत्तर मात्र असे येते : "सायकल सध्या भावाकडे गावी आहे. गिऱ्हाईक पुष्कळ आहेत, ५०० रुपये आगाऊ पाठवा, म्हणजे तुमच्यासाठी राखून ठेवतो."

पैसे पाठविले जात नाहीत. दुसरी जाहिरात मुलुंडची असते, किंमत ५,२०० रुपये. तेथील गृहस्थ कागद ठेवलेले चित्र लगेच पाठवितात. कागदही बनावट रीतीने चित्रात बसविता येतो, म्हणून रविवारी सकाळी बापलेक स्वतः मुलुंडला जातात, सायकल आडवी करून तळाचा क्रमांक चित्राशी ताडून पाहतात, अंगणात एक फेरी मारतात, आणि मग पैसे देतात.