आधी पोट भिंतीकडे

जिम्नॅस्टिक्सच्या तासाला हातांवर उभे राहायला शिकवायचे, म्हणजे हँडस्टँड शिकवायचा म्हटला, की शाळेत बहुधा एकच पद्धत वापरली जाते. मूल भिंतीकडे तोंड करून उभे राहते, हात जमिनीवर टेकवते आणि एका पायाने उसळी घेऊन दोन्ही पाय वर फेकते. टाचा भिंतीला आदळतात, पाठ भिंतीकडे येते. धीट मुलाला हे पहिल्याच दिवशी जमते. पण त्या मुलाकडे बाजूने पाहा. खांदे हातांच्या पुढे झुकलेले, छाती बाहेर, कंबर आत गेलेली, असे सगळे शरीर केळ्यासारखे वाकलेले दिसते. भिंत काढून घेतली तर ते क्षणभरही तोल सांभाळू शकत नाही, आणि तोपर्यंत तो बाक अंगवळणी पडलेला असतो.

याचे मूळ कमरेत नसून खांद्यात आहे. कानाजवळून सरळ वर नेताना हात सुमारे १८० अंश फिरतो. अमेरिकी संशोधक इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दाखवून दिले की ही सगळी हालचाल खांद्याच्या खोबणीत होत नाही. ढोबळमानाने १२० अंश खोबणीत होतात आणि उरलेले ६० अंश पाठीवरचे त्रिकोणी सपाट हाड, म्हणजे स्कॅप्युला, वर फिरल्याने मिळतात. हे हाड फिरवून बरगड्यांवर घट्ट धरून ठेवायचे काम प्रामुख्याने सेराटस अँटिरियर आणि ट्रॅपेझियस हे स्नायू करतात. ते कमी पडले किंवा खांदा आखडलेला असला, तर हात पूर्ण वर जात नाही. मग उरलेले अंश शरीर कंबर वाकवून भरून काढते.

म्हणून पहिली परीक्षा उलटे न होताच घ्यावी. मुलाने पाठ भिंतीला लावून उभे राहायचे. ढुंगण, पाठ आणि डोके भिंतीला टेकलेले हवे. कोपर न वाकवता हात समोरून वर न्यायचे. बरगड्या पुढे न येता अंगठे भिंतीला लागले, तर खांदा तयार आहे. कंबर आणि भिंत यांच्यातली फट वाढली किंवा हात मध्येच अडले, तर त्या मुलाने अजून पाय वर घेऊ नयेत. त्याला काही आठवडे खांदे मोकळे करण्याचे व्यायाम द्यावेत.

दुसरा प्रश्न वजनाचा. ३० किलोच्या मुलाचे उदाहरण घेऊ. हात सरळ ठेवून प्लँकमध्ये, म्हणजे दंडाच्या वरच्या स्थितीत, हातांवर शरीराचा साधारण दोनतृतीयांश भार येतो, म्हणजे २० किलो. धड उभे उलटे आणि पाय आडवे भिंतीला टेकलेले असतील, तर हा भार २५ किलो किंवा थोडा अधिक होतो. पूर्ण सरळ झाल्यावर तो ३० किलो होतो. पाय फेकणारे मूल एका झटक्यात शेवटच्या पायरीवर पोचते, त्यामुळे मधल्या पायऱ्यांवर मिळणारी ताकद त्याला मिळतच नाही.

त्या पायऱ्या अशा. पहिली प्लँकची. कोपर ताठ ठेवून छाती खांद्याच्या दोन पात्यांमध्ये थोडी खाली सोडायची आणि मग जमीन जोरात ढकलून पाठ वर उचलायची. असे आठ-दहा वेळा केले की सेराटसला नेमके काम मिळते. पाठ खाली न झुकता ३० सेकंद प्लँक टिकला की पुढे जावे.

दुसरी पायरी काटकोनाची. मुलाने पाय सरळ करून, तळवे भिंतीला लावून जमिनीवर बसायचे. कुल्ले जिथे आहेत तिथे खडूने रेघ मारायची आणि त्या रेघेवर हात टेकवून पाय भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत चढवायचे. कुल्ले, खांदे आणि मनगटे एका उभ्या रेषेत यायला हवीत. सुरुवातीला कुल्ले मागेच राहतात, कारण खांद्यांना अजून तो भार नको असतो. ही स्थिती २० सेकंद जमेपर्यंत पुढची पायरी नाही.

तिसऱ्या पायरीत पोट भिंतीकडे. प्लँकमधून पाय भिंतीवर चढवत हात हळूहळू भिंतीकडे आणायचे. सुरुवातीला हात भिंतीपासून ५० सेंटिमीटरवर थांबवावेत, पुढे आठवड्यागणिक अंतर कमी करावे. इथे भिंत बाक येऊ देत नाही. पायाची बोटे तिला लागून आणि पोट तिच्याकडे असते, आणि मुलाला खांदे कानांकडे ढकलण्यावाचून पर्याय राहत नाही. दहा सेकंदांचे तीन प्रयत्न पुरेत.

या पद्धतीचा धोकाही ओळखला पाहिजे. हात फार जवळ आले तर शरीर भिंतीपासून उलट्या दिशेला कलंडते आणि मूल पाठीवर पडू शकते. म्हणून चढण्याआधी उतरणे शिकवावे. एक हात पुढे टाकायचा, कंबर वळवायची आणि पाय एकामागून एक बाजूला जमिनीवर आणायचे. हे गादीवर कमी उंचीवरून आधी पक्के करावे. कोपर वाकू लागले की लगेच उतरायचे, कारण त्यानंतर डोके जमिनीला लागते.

मनगटाकडेही लक्ष हवे. वाढत्या वयात मनगटाजवळच्या रेडियस हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि सततच्या दाबाने ती दुखावते. अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखत असेल तर ते अंगावर काढू नये. भार थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

आता हे तासात कसे बसवायचे? समजा, दिघीतल्या एका शाळेत सहावीची ४० मुले, ३५ मिनिटांचा तास आणि खिडकी-स्विचबोर्ड नसलेली १२ मीटर भिंत आहे. मनगट-खांदे मोकळे करण्यात दहा मिनिटे जातील. मग आठ-आठ मुलांचे पाच गट करावेत: भिंत, प्लँक, खांद्यांचा ताण, मनगटांचा व्यायाम आणि गादीवर उतरण्याचा सराव. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे. भिंतीवर एका वेळी चारच मुले, प्रत्येकी तीन मीटर जागा आणि शेजारी पाहणारा एक जोडीदार. शिक्षकांनी भिंतीपाशीच थांबावे. आधार देताना पायांच्या झोक्याबाहेर, बाजूला उभे राहून मांडीला धरावे. मुले अनवाणी हवीत. पावसाळ्यात फरशीला ओल सुटलेली असेल तर भिंतीचा सराव बंद. दुपारच्या खिचडीनंतर निदान दीड तास कुणाला उलटे करू नये. फिट येणारी किंवा डोळ्यांचा दाब वाढलेली मुले डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात नकोत.

पाठ भिंतीकडे ठेवून पाय वर घेणे वर्ज्य नाही. पुण्यात आयुष्यभर शिकवलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेत अधोमुख वृक्षासनाचा सराव भिंतीच्या आधाराने केला जातो. जिम्नॅस्टलाही पुढे मोकळ्या जागेत पाय उचलून वर जावेच लागते. फक्त ती पायरी शेवटची असावी. पोट भिंतीकडे ठेवून २० सेकंद सरळ रेषा टिकवणाऱ्या मुलालाच ती द्यावी.

आठवड्यातून दोन तास मिळाले तर बहुतेक मुले एका सत्रात पहिल्या दोन पायऱ्या ओलांडतील, काही तिसऱ्या पायरीवर पोचतील. शिक्षकांनी स्नेहसंमेलनासाठी सगळ्यांना एकदम उलटे करण्याची घाई करू नये. दुसऱ्या पायरीवर थांबलेले मूल मागे पडलेले नाही. त्याचा खांदा अजून तयार होतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.