सूचना पाच, लक्षात एकच

पाच वर्षांचे मूल नवकार मंत्र अस्खलित म्हणते, मागच्या दिवाळीला मामांनी काय आणले होते तेही बिनचूक सांगते. पण आईने सांगितलेल्या चार कामांपैकी एखादेच करून मध्येच खेळत बसते. मग घरातील वडीलधाऱ्यांचा निष्कर्ष ठरलेला असतो : "याला सगळे लक्षात राहते, म्हणजे हा मुद्दामच ऐकत नाही." या अनुमानाचा पहिला भाग बरोबर आहे, दुसरा मात्र बहुधा चुकीचा असतो. मंत्र आणि काम, या दोहोंसाठी मुलाला दोन निरनिराळ्या स्मृती वापराव्या लागतात.

व्यापारी कुटुंबाला हा भेद गोदाम आणि दुकानातील काउंटर यांच्या उदाहरणाने सहज समजेल. रोजच्या पुनरावृत्तीने मुखोद्गत झालेला मंत्र गोदामात साठवलेल्या मालासारखा असतो. गोदाम मोठे असते, आणि तेथे गेलेला माल वर्षानुवर्षे टिकतो. नुकतीच कानावर पडलेली सूचना मात्र आधी काउंटरवर येते. ती तेथे मांडून ठेवायची, क्रमाने एकेक काम उचलायचे आणि त्याच वेळी हातपायही चालवायचे. माहिती क्षणभर धरून ठेवून त्याच वेळी तिच्यावर काम करण्याच्या या व्यवस्थेला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 मध्ये तिची रचना मांडली. ऐकलेले शब्द धरणारा एक भाग, पाहिलेली चित्रे व जागा धरणारा दुसरा, आणि या दोहोंवर लक्ष ठेवून काम वाटून देणारा तिसरा, अशी ती रचना होती.

हा काउंटर किती रुंद आहे, हे अंकांच्या साध्या चाचणीवरून कळते. सेकंदाला एक या गतीने अंक उच्चारायचे आणि मुलाने ते त्याच क्रमाने परत म्हणायचे. पाच वर्षांचे मूल साधारण चार अंक परत सांगते, सात वर्षांचे सुमारे पाच, तर प्रौढ माणूस सात. तेच अंक उलट्या क्रमाने मागितले की चित्र पालटते. "तीन, आठ" याचे "आठ, तीन" करणे पाच वर्षांच्या मुलाला जमते. तिसरा अंक आला की बहुतेक मुले गडबडतात. उलट क्रम लावताना अंक नुसते धरून भागत नाही, ते हलवावेही लागतात. घरातील कामाची सूचना या दुसऱ्या प्रकाराला अधिक जवळची असते.

लहान मुलाची अडचण केवळ जागेची नाही, टिकण्याचीही आहे. कानावर पडलेला शब्द पुन्हा उच्चारला नाही तर दोन-तीन सेकंदांत त्याचा ठसा पुसट होऊ लागतो. मोठी माणसे "दूध, कोथिंबीर, इस्त्रीचे कपडे" असे मनातल्या मनात घोळवत बाजारात जातात. ही मनात घोळवण्याची सवय साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास रुळते. पाच वर्षांच्या मुलाजवळ ते साधन बहुधा नसतेच. शिवाय त्याचा उच्चार संथ असल्याने, घोळवू लागले तरी तेवढ्याच वेळात त्याचे कमी शब्द फिरतात.

आता एक नेहमीचा प्रसंग तपासून पाहू. शाळेतून आलेल्या मुलाला दारातच सांगितले जाते : "बूट काढून कपाटात ठेव, डबा ओट्यावर ठेव, गणवेश बादलीत टाक, हातपाय धू आणि आजोबांना जेवायला बोलाव." ऐकताना कामे पाच वाटतात, पण यात धरून ठेवायच्या गोष्टी आठ-नऊ आहेत : बूट व कपाट, डबा व ओटा, गणवेश व बादली, हातपाय, आजोबा व जेवण, वर त्यांचा क्रम वेगळाच. चौथे काम सांगून होईपर्यंत दुसरे पुसट झालेले असते. मूल बूट काढू लागते. बुटाचा पट्टा अडकतो, आणि तो सोडवण्यात सारे लक्ष खर्च होते. पट्टा सुटेपर्यंत काउंटर रिकामा झालेला असतो. समोर खेळण्यातली मोटार दिसते. आता दुसरे कोणतेच काम मनात नसल्याने मूल तिकडे वळते. किंवा शेवटचे वाक्य कानात ताजे असल्याने बूट घालूनच आजोबांकडे धावते. दोन्ही वर्तनांत अवज्ञा नाही.

सूचनेची वाक्यरचनाही हे ओझे वाढवते. "जेवायला बसण्याआधी, खेळणी उचलून झाली की, हात धू" या वाक्यात जेवण सर्वांत आधी ऐकू येते आणि करायचे असते सर्वांत शेवटी. म्हणजे मुलाला तीन गोष्टी धरून त्यांचा क्रम बदलावा लागतो. उलट्या अंकांचीच ही परीक्षा. "खेळणी उचल. मग हात धू. मग जेवायला ये" या वाक्यांत ऐकण्याचा क्रम आणि करण्याचा क्रम एकच राहतो, आणि तेवढ्याने बराच भार हलका होतो.

येथून उपाय आपोआप दिसतात. पाच वर्षांच्या मुलाला एका वेळी एक, फार तर दोन कामे सांगावीत. ती झाली की पुढची. स्वयंपाकघरातून हाक मारून सांगण्यापेक्षा जवळ जाऊन, वस्तूकडे बोट दाखवून सांगावे. त्यामुळे पाहिलेले धरणारा भागही मदतीला येतो. ब्रिटनमधील सुसान गॅदरकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा वर्षांच्या मुलांना वर्गातील वस्तूंविषयी सूचना देऊन पाहिल्या. ऐकलेली सूचना शब्दांत परत सांगण्यापेक्षा ती प्रत्यक्ष करून दाखवणे मुलांना अधिक चांगले जमले. म्हणून "मी काय सांगितले, म्हण पाहू" असे दरडावण्याने फारसे साधत नाही. दुसरा टिकाऊ उपाय म्हणजे रोजचा ठरलेला क्रम. बूट, डबा, गणवेश, हातपाय हा क्रम काही आठवडे रोज तसाच राहिला की तो काउंटरवरून गोदामात जातो, नवकारासारखाच; आणि मग "शाळेतून आल्यावरची कामे" एवढा एकच शब्दसमूह पुरतो.

मूल ऐकत नाही की त्याला झेपत नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. एकच काम सांगितल्यावर ते करते, पण चार सांगितल्यावर पहिले तत्परतेने सुरू करून मध्येच थबकते, किंवा "आता काय करू?" असे विचारत परत येते, तर ओझे जास्त झाले आहे. एकच साधे कामही स्पष्ट नाकारते, तेव्हा प्रश्न वेगळा असतो. मात्र एकेका सूचनेलाही प्रतिसाद नसेल तर आधी कानांची तपासणी करून घ्यावी. सात-आठ वर्षांचे मूलही दोन टप्प्यांच्या सूचनेत सतत हरवत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

कार्यकारी स्मृती वाढवून देण्याचा दावा करणाऱ्या संगणकीय खेळांविषयी एवढेच सांगता येते की, मुले त्या खेळात तरबेज होतात, पण ते कौशल्य अभ्यासात किंवा इतर कामांत उतरल्याचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. ही क्षमता चौथ्या वर्षापासून किशोरवयापर्यंत हळूहळू आपल्या गतीने वाढते, आणि एकाच वयाच्या दोन मुलांतही बरीच कमी-अधिक असते. म्हणून मोठ्या बहिणीला पाचव्या वर्षी जे जमले, ते धाकट्याला सहाव्या वर्षी जमेलच असे नाही. तोवर सूचनेची लांबी मुलाच्या मापाने बेतणे, हे मोठ्यांच्याच हाती असते.