अंकांच्या बेरजेवरून विभाज्यता

बंगळूरच्या उत्तरेस असलेल्या देवनहळ्ळी गावाचा टपाल क्रमांक, म्हणजे पिनकोड, ५६२११० असा आहे. (असे सहा अंकी क्रमांक टपालखात्याने १९७२ साली सुरू केले.) या संख्येस ३ ने निःशेष भाग जातो काय, हे विद्यार्थी भागाकार न करताच सांगतो. अंकांची बेरीज ५+६+२+१+१+० = १५ येते; १५ ला ३ ने भाग जातो, म्हणून मूळ संख्येलाही जातो. ९ ने भागल्यास १५ ची बाकी ६ उरते, आणि मूळ संख्येचीही तीच. परंतु साडेपाच लाखांहून मोठ्या संख्येच्या जागी १५ घेतले असता बाकी बदलत नाही, असे का व्हावे?

याचे उत्तर गाउस या जर्मन गणितज्ञाने १८०१ साली मांडलेल्या कल्पनेत सापडते. दोन संख्यांच्या फरकास एखाद्या भाजकाने निःशेष भाग जात असेल, तर त्या संख्यांना त्या भाजकापुरत्या समशेष म्हणावे व ≡ या चिन्हाने तसे दर्शवावे. समशेष संख्यांच्या बेरजा समशेष असतात, हे उघड आहे. गुणाकारही तसेच असतात. क = ख + ९प आणि ग = घ + ९फ असल्यास कग − खघ = ९(पग + खफ) येते, आणि त्यास ९ ने भाग जातोच.

आता १० − १ = ९, म्हणून ९ या भाजकापुरते १० ≡ १. हाच संबंध स्वतःशी पुनःपुन्हा गुणला की १००, १०००, पुढील सर्व घात १ शी समशेष ठरतात. आपली संख्या म्हणजे ५×१००००० + ६×१०००० + २×१००० + १×१०० + १×१० + ०. प्रत्येक घाताच्या जागी १ लिहिला की उरते ती केवळ अंकांची बेरीज. ३ हा ९ चा विभाजक असल्यामुळे तेच कारण ३ लाही लागू पडते.

११ च्या बाबतीत १० ≡ −१. म्हणून १०० ≡ १, १००० ≡ −१, असे चिन्ह आळीपाळीने बदलत जाते. एककाच्या अंकापासून आरंभ करून ० − १ + १ − २ + ६ − ५ = −१. बाकी ऋण असू नये म्हणून ११ मिळवावे. बाकी १० येते. ११ × ५११०० = ५६२१००, आणि वर १० उरतात, हे ताडून पाहता येईल. आरंभ मात्र उजवीकडूनच करावा. डावीकडून केल्यास येथे +१ येईल. भाग जातो की नाही ते कळेल, पण बाकी चुकेल.

या आळीपाळीच्या चिन्हांचा आणखी एक उपयोग आहे. लिहिताना कोणी ६ व २ यांची अदलाबदल करून ५२६११० लिहिले, तर बेरीज १५ च राहते आणि ९ च्या कसोटीस चूक दिसत नाही. ११ ची कसोटी मात्र ० − १ + १ − ६ + २ − ५ = −९, म्हणजे बाकी २ देते, आणि चूक उघडी पडते. शेजारच्या कोणत्याही दोन भिन्न अंकांची अदलाबदल अशीच सापडते. कारण त्यामुळे बेरजेत त्या अंकांच्या फरकाच्या दुपटीचा बदल होतो, आणि २ ते १८ मधील सम संख्येस ११ ने भाग जात नाही. पण एक अंक सोडून पलीकडील अंकाशी अदलाबदल झाली, जसे २६५११०, तर दोन्ही अंकांचे चिन्ह एकच असल्यामुळे बेरीज पुन्हा −१ येते आणि ११ ची कसोटीही फसते.