ट्रिगर कोणत्या बोटाला?

'बीजीएमआय' खेळणाऱ्या पोरांच्या घोळक्यात "तुझा कोड दे ना" हे वाक्य हमखास ऐकू येतं. हा कोड असतो पडद्यावरच्या बटणांच्या मांडणीचा. एखाद्या नावाजलेल्या खेळाडूचा कोड टाकला की त्याची मांडणी आपल्या फोनवर उतरते. मग बहुतेक वेळा खेळ आधीपेक्षा बिघडतो आणि दुसऱ्या कोणाच्या कोडचा शोध सुरू होतो. बिघडतो यात नवल नाही. ज्याचा कोड घेतला तो कदाचित टॅब्लेटवर खेळतो. त्याचा पडदा जवळपास चौकोनी, आपल्या फोनचा लांबट पट्टीसारखा. शिवाय त्याचे पंजे त्याचे, आपले आपले. बटणांची मांडणी ही चपलेसारखी आहे, दुसऱ्याची घालता येते पण पळता येत नाही.

ती स्वतः बसवायची तर आधी कोणतं बोट काय करतं ते पाहायला हवं. गेम नव्याने टाकला की डावीकडे खाली चालण्याचं चक्र असतं आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्याकडे फायर, स्कोप, उडी, बसणं, झोपणं अशी बटणं दाटीवाटीने असतात. डाव्या अंगठ्याकडे पाय असतात, बाकी सगळं उजव्या अंगठ्याच्या गळ्यात. नजर तोच फिरवतो, स्कोप तोच उघडतो, गोळीही तोच झाडतो. फायरचं बटण दाबून धरून अंगठा सरकवला तर नजरही वळते, त्यामुळे दोन कामं एकाच वेळी होतात. तरीही अडतं ते जागेपाशी. सलग गोळीबार सुरू झाला की रिकॉइलमुळे बंदुकीची नळी वर चढत जाते आणि ती खाली आणायला अंगठा खाली ओढावा लागतो. पण फायरचं बटण आधीच पडद्याच्या तळाजवळ आहे. अंगठा थोडा सरकला की कडेला पोचतो, आणि पुढच्या गोळ्या शत्रूच्या डोक्यावरून आभाळात जातात. पोरं याचा दोष 'सेन्सी'ला, म्हणजे सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यांना देतात. दोष अनेकदा बटणाच्या जागेचा असतो.

माझ्या भाच्याची तक्रार नेमकी हीच होती. त्याच्यासाठी केलेला बदल सांगतो, कारण दोन अंगठ्यांवरून तीन बोटांवर जाणाऱ्या कोणालाही तोच क्रम चालेल. सेटिंगमध्ये डाव्या बाजूचं फायर बटण कायम दिसेल असं चालू केलं. मग गेम बंद करून फोनवरचं चित्र काढायचं साधं अॅप उघडलं आणि फोन आडवा धरायला सांगितला. डावी तर्जनी वाकवून वरच्या कडेवर, बाकी पकड नेहमीची. तर्जनी सहज टेकते तिथे ठिपका उमटला. दोन्ही अंगठे पकड न हलवता जितके फिरतात तितके फिरवले, तेव्हा दोन कमानी उमटल्या. त्याचा स्क्रीनशॉट घेतला. बटणं बसवायचा नकाशा तोच.

कस्टमाइझच्या पडद्यावर डावं फायर बटण त्या ठिपक्याच्या जागी नेलं. चालण्याचं चक्रही हलवावं लागलं, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तर्जनी वर गेली की पंजा फिरतो आणि डावा अंगठा आधीच्या जागेवर टेकत नाही. चक्र जुन्याच जागी राहिलं तर धावता धावता अंगठा त्याच्यावरून घसरतो आणि माणूस उघड्या मैदानात उभा राहतो. स्कोप आणि बसण्याचं बटण उजव्या कमानीवर आणलं. उजवं फायर बटण काढलं नाही, लहान करून बाजूला ठेवलं. जुनी सवय आठवडाभरात सुटत नाही.

आता आकार. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक नियमांत बोटाने दाबायच्या जागेसाठी सुमारे 9 मिलिमीटरचं माप धरतात. घाईत दाबायच्या बटणाला त्याहून मोठं केलेलं बरं, म्हणून तर्जनीचं फायर बटण चांगलं ऐसपैस ठेवलं. तर्जनी वाकलेली असते, तिचा टोकाचा भागच टेकतो आणि तिच्याखालचं काही दिसत नाही. उजवीकडे मात्र उलटा हिशेब. तिथे मोकळ्या जागेवर अंगठा फिरवून नजर वळवायची असते. अंगठ्याची पहिली टेकण एखाद्या बटणावर पडली की गेम ते बटण दाबलं असं धरतो. म्हणजे उजवीकडचं प्रत्येक मोठं बटण नजर फिरवायची जमीन खातं. नजर वळवायला जावं आणि बंदूक आपोआप वाजावी, किंवा माणूस विनाकारण खाली बसावा, असं झालं की समजावं, कोणतं तरी बटण वाटेत आलं आहे. बटणं पारदर्शकही करता येतात, पण ते जागा हाताला पाठ झाल्यावर.

तपासणी ट्रेनिंग ग्राउंडवर करायची, सामन्यात नव्हे. एम416 घ्यायची, थोड्या अंतरावरच्या भिंतीवर एकच बिंदू धरून अख्खं मॅगझिन रिकामं करायचं आणि भोकं बघायची. मग तेच डावीउजवीकडे चालत चालत. भोकं सरळ वर चढत गेली तर उजवा अंगठा पुरेसा खाली ओढला जात नाही. गोळीबार मध्येच तुटला तर तर्जनी बटणाच्या काठावर आहे. एका वेळी एकच बटण हलवायचं, तेही थोडंसंच, आणि त्या काळात सेन्सीला हात लावायचा नाही. दोन्ही बदललं तर गुण कशाने आला ते कळणारच नाही. जुनी मांडणी वेगळ्या लेआउटमध्ये शाबूत ठेवावी.

भाच्याचा स्प्रे सुधारला, पण एक विचित्र दुखणं उरलं. ऐन चकमकीत फायर अडकायचं आणि कधी पडद्याचा फोटोच निघायचा. गेम निर्दोष होता. कित्येक अँड्रॉइड फोनांत तीन बोटं पडद्यावरून खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो. तीन बोटं टेकलेली दिसली की फोन त्या खुणेची वाट पाहत बसतो. फोनच्या सेटिंगमध्ये ती सोय बंद केल्यावर अडकणं थांबलं. कडेवरून बोट सरकवून मागे जाण्याची खूणही अशीच आडवी येते. चक्र पडद्याच्या अगदी कडेला असेल तर ती हमखास त्रास देते.

चौथं बोट, म्हणजे उजवी तर्जनी, स्कोप किंवा उडी सांभाळते. मग धावत, उडी मारत, नेम धरत गोळी झाडणं एकाच वेळी जमतं. याची किंमत पकडीत मोजावी लागते. दोन्ही तर्जन्या वर गेल्या की फोनचं ओझं मधल्या बोटांवर आणि तळव्याच्या कडांवर येतं. जड फोन आणि लहान हात असला की मनगट अवघडतं, फोन डुगडुगतो. फोन कलवून नेम धरणाऱ्या, म्हणजे जायरोवाल्यांचा तर प्रत्येक डुगडुगण्याबरोबर नेम हलतो. चार बोटांनी खेळणारा तो पक्का खेळाडू, ही समजूत मला पटत नाही. जायरो चांगला हाताळणाऱ्याच्या अंगठ्याचं ओढण्याचं काम फोनच करतो, आणि त्याला दोन किंवा तीन बोटं पुरतात. भाचा तीनवरच थांबला आहे. गाडी चालवायची बटणं वेगळी मांडावी लागतात, ती मात्र त्याने अजून हलवलेली नाहीत, त्यामुळे जीप चालवताना त्याची तर्जनी उगाचच वर लटकत असते.