‘सर, छाती ३४ म्हणजे कोणाची ३४?’

गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या मुलींचे ८० कमीज शिवून आले. ते वर्गाच्या बाकांवर मापाप्रमाणे रचून ठेवले तेव्हाच आमच्या लक्षात आले की काहीतरी बिनसले आहे. गठ्ठ्यावर ‘३४’ अशी चिठ्ठी होती, पण एक कमीज दुसऱ्यावर ठेवला तर दोन्ही बाजूंनी जवळजवळ एकेक इंच बाहेर डोकावत होता. लांबीचीही तीच गत. एकाच मापाच्या तीन कमीजांची तीन टोके होती. शिवणाऱ्या पाच जणी गावातल्याच, बचत गटातल्या. त्यांतल्या सर्वांत वडील आपांनी सगळे शांतपणे पाहिले आणि आम्हाला एकच प्रश्न विचारला, ‘सर, तुमच्या कागदावर छाती ३४ लिहिलंय. ती पोरीची की कपड्याची?’

आम्ही निरुत्तर झालो, कारण चूक आमच्या कागदाची होती.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. समग्र शिक्षा योजनेतून पहिली ते आठवीच्या मुलांना वर्षाला दोन गणवेश मिळतात. २०२४-२५ या वर्षी राज्याने कापड एकत्रित खरेदी करून शिलाई बचत गटांकडे देण्याचा प्रयोग केला. त्याच वर्षाच्या अखेरीस निर्णय बदलला आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. म्हणजे कापड निवडा, शिवणारे शोधा, मापे द्या, हे सगळे शिक्षकाच्या टेबलावर. आमच्या वर्धा जिल्ह्यात कापसाचा तुटवडा नाही, हिंगणघाटच्या कापसाचे नाव तर जुने. पण कपडा नेमका कसा हवा हे कागदावर उतरवायचे कोणी शिकवलेले नाही. बीएडला धड्याचे टाचण काढायला शिकलो, कमीजाचे नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात या टाचणाला ‘स्पेक शीट’ म्हणतात. त्यात कपड्याचे सपाट चित्र, मापे, शिवणीचे प्रकार आणि बटण-धाग्यांची यादी असते. आम्ही दिला होता तो नमुन्याचा एक कमीज आणि पाठकोऱ्या कागदावर चार आकडे.

आता त्या ३४ कडे येऊ. मुलीच्या अंगाची छाती ३० इंच होती. श्वास घेता यावा, हात वर करता यावेत म्हणून शाळेच्या कमीजात साधारण ४ इंच सैलपणा ठेवतात. आम्ही ते चार मिळवून ३४ लिहिले, म्हणजे तयार कपड्याचे माप. दोघींनी ते तसेच धरले. उरलेल्या तिघींना वाटले की शिक्षकांनी अंगाचे माप घेतले असणार, म्हणून रिवाजाप्रमाणे त्यांनी आणखी ४ मिळवून ३८ चा घेर केला. कोणी चुकीचे वागले नाही आणि तरीही एका मापाचे दोन कपडे तयार झाले. ‘बाजूने दाबून घेऊ’ असे आम्ही म्हणालो, तर आपा हसल्या. छाती ३८ ची असेल तर मुंढा आणि खांदाही त्याच हिशेबाने कापलेला असतो. बाजू दाबली की घेर कमी होतो, पण खांदा दंडावर लोंबतच राहतो. ३१ कमीज उसवावे लागले, काहींचे खांदे नव्याने कापावे लागले. त्या मजुरीचा प्रश्न समितीच्या बैठकीत निघाला तेव्हा काही सदस्यांचे म्हणणे होते की शिवणाऱ्यांनीच सोसावे. आम्हाला उभे राहून सांगावे लागले की कागद आमच्या हातचा आहे. निम्मी मजुरी समितीने दिली, निम्मी आम्ही शिक्षकांनी गोळा केली.

लांबीचा घोळ याहून मजेशीर होता. कागदावर ‘लांबी ३८’ होते. पण कुठून? एकीने गळ्याला लागून असलेल्या खांद्याच्या उंच टोकापासून टेप सोडला. दुसरीने मागच्या गळ्याच्या मध्यापासून मोजले. मागचा गळा इंचभर खोल असल्याने तिचा कमीज इंचभर लांब निघाला. तिसरीने खांद्याच्या बाहेरच्या टोकापासून मोजले. खांदा उतरता असतो, म्हणून तिचा दीड इंच लांब झाला. तेव्हापासून आमच्या कागदावर एकही आकडा ‘कुठून कुठपर्यंत’ याशिवाय नसतो. ‘लांबी ३८: गळ्यालगतच्या खांद्याच्या टोकापासून खालच्या काठापर्यंत, सरळ.’ ‘छाती १७: मुंढ्याच्या एक इंच खाली, कपडा टेबलावर सपाट ठेवून, शिवणीपासून शिवणीपर्यंत.’ इथे १७ हे ३४ चे अर्धे आहे. तयार कपडा घेराने मोजताना टेप सैल-घट्ट होतो, सपाट मोजला की होत नाही. कागदाच्या डोक्यावरच ठळक अक्षरांत एक ओळ असते: ‘सर्व मापे तयार कपड्याची, इंचात. यात काहीही मिळवू नये.’

प्रत्येक मापापुढे किती फरक चालेल तेही लिहितो. छातीला अर्धा इंच कमी-जास्त, लांबीला अर्धा, बाही आणि गळ्याला पाव. हा रकाना नसेल तर तपासणाऱ्याची मर्जी चालते, आणि मर्जी नेहमी गरीब बाजूवर चालते.

चित्राचे आम्हाला दडपण होते. हात चित्रकाराचा नाही. पण इथे चित्रकार लागतच नाही. अंगावर घातलेला कमीज काढायचा नसतो, टेबलावर पसरलेला काढायचा असतो. गणिताच्या आलेख वहीत एक सेंटीमीटर म्हणजे चार इंच धरले की ३८ इंचाची लांबी साडेनऊ सेंटीमीटरमध्ये बसते आणि १७ ची छाती सव्वाचारमध्ये. एक चित्र पुढचे, एक मागचे. शिवणीची रेघ सलग, वरून दिसणारी टीप तुटक. मग बाण काढून टिपा लिहायच्या. पहिल्या खर्ड्यात आम्ही ‘गळ्याला सुबक पट्टी’ असे लिहिले होते. सुबक म्हणजे किती इंच? ते खोडून लिहिले: ‘पट्टी सव्वा इंच रुंद, ५ इंच लांब. बटणे ३. पहिले गळ्यापासून अर्धा इंच खाली, पुढची पावणेदोन इंचांच्या अंतराने. उजवी बाजू वर.’ त्यावरही आपांनी विचारले, ‘उजवी कोणाची? चित्रात बघणाऱ्याची की घालणारीची?’ समोरून काढलेल्या चित्रात घालणारीची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. ‘घालणारीची उजवी’ असे लिहून प्रश्न मिटवला.

शिवणीच्या बाबतीत मात्र आमचा आणि आपांचा खरा वाद झाला. आम्हाला फ्रेंच शिवण हवी होती. तिच्यात आधी उलट बाजू आत ठेवून कापडाच्या सुलट बाजूने टीप मारतात, कडा छाटतात, मग कपडा उलटवून दुसरी टीप मारतात. कच्ची कड आत बंद होते, सूत निघत नाही, दिसायलाही स्वच्छ. आपांनी मान हलवली. ‘सातवीतली पोर आहे सर. सहा महिन्यांत अंग भरतं. फ्रेंच शिवणीत सोडायला कापड कुठं राहतं?’ त्यांची शिवण साधी होती: सुलट बाजूवर सुलट ठेवून एक टीप, आत एक इंच मार्जिन आणि दोन्ही कडांना वेगवेगळे इंटरलॉक. (शिंप्यांच्या तोंडी ज्याला इंटरलॉक म्हणतात त्याला कारखान्यात ओव्हरलॉक म्हणतात. आयएसओ ४९१५ या मानकात साध्या मशीनच्या टिपेचा क्रमांक ३०१ आहे आणि तीन धाग्यांच्या ओव्हरलॉकचा ५०४. कागदावर क्रमांक लिहिला की शहरातल्या कारखान्यालाही तेच कळते.)

हिशेब पाहिला आणि आम्ही हरलो. दोन बाजू म्हणजे चार कडा. प्रत्येक कडेतून अर्धा इंच सोडला तर कमीज घेरात दोन इंच वाढतो आणि आत अर्धा इंच मार्जिन शिल्लक राहते. मुलीचे एक वर्ष निघते. पण यात एक मेख आहे, ती आपांनीच दाखवली. बाजूला इंचभर मार्जिन ठेवले आणि बाहीच्या खालच्या शिवणीला नेहमीचे अर्धा इंचच ठेवले, तर बाजू सोडताना काखेत बाही अडते आणि सगळे कापड वाया जाते. म्हणून कागदावर दोन्ही ठिकाणी ‘१ इंच’ असे वेगवेगळे लिहिले. खालची दुमड २ इंचांची, पुढे दीड इंच उतरवता येईल अशी. उतरवल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते, ते खरे आहे. ती नाहीशी करायचा उपाय आम्हाला सापडलेला नाही. चाकाच्या टोकाशी, जिथे धावताना कपडा हमखास फाटतो, तिथे आतून इंचभर कापडाचा तुकडा आणि तीनदा उलटसुलट टीप. टाके इंचाला १० ते १२. सात-आठ घातले की काम लवकर उरकते, पण शिवण ओढली की टाक्यांमधून उजेड दिसतो. आम्ही कपडे घेताना आता हेच ओढून पाहतो.

बटण, धागा, बकरम यांना आम्ही किरकोळ समजत होतो. बटणाचे माप व्यापारात लाइनमध्ये असते, ४० लाइन म्हणजे एक इंच. आम्ही १८ लाइनचे चार भोकांचे बटण लिहितो, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. एक जादा बटण आतल्या मार्जिनला टाकून ठेवायचे. धागा पॉलिएस्टरचा, कारण टेरिकॉटवर सुती धागा वापरला तर धुतल्यावर तो आकसतो, कापड आकसत नाही आणि शिवणीवर चुण्या पडतात. बकरमही तसेच. न धुता चिकटवले तर पहिल्या धुण्यात पट्टीवर फोड आल्यासारखे दिसते.

कापडाची परीक्षा घरीच होते. नव्या ताग्यातून मोठा तुकडा घेऊन त्यावर ५० सेंटीमीटरचा चौकोन बॉलपेनने आखावा, नेहमीसारखा धुऊन सुकवून पुन्हा मोजावा. यंदाच्या सुती मिश्रणाच्या कापडात लांबीचे ५० चे साडेअठ्ठेचाळीस झाले, म्हणजे शंभरात तीन गेले. धुतल्यावर ३८ हवे असतील तर तयार कपडा सव्वाएकोणचाळीस निघाला पाहिजे. ३८ ला ०.९७ ने भागले की हेच येते. कागदावर तेव्हा दोन रकाने आले, ‘धुण्याआधी’ आणि ‘धुतल्यानंतर’.

यंदा आम्ही ८० एकदम कापायला सांगितले नाहीत. प्रत्येक मापाचा एक कमीज शिवून घेतला, धुतला, त्या मापाच्या मुलीला घालून हात वर करायला लावले, बाकावर बसवले. ३२ च्या बाह्या पाऊण इंच आखूड निघाल्या, कागद दुरुस्त झाला. मग त्या नमुन्यावर आमची, समितीच्या अध्यक्षांची आणि आपांची सही घेतली. सही कुठे करायची हाही प्रश्न होता. आपांनी आतल्या मार्जिनवर बोट ठेवले, ‘इथं. वाढवायची वेळ आली तर बघू.’